छातीतल्या ११.२ एसयूव्हीच्या गाठी : एका पेट स्कॅनचे वाचन

या प्रकरणातील रुग्ण ५६ वर्षांच्या असून सोलापूर जिल्ह्यात राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन असे सर्व उपचार पूर्ण झाले आणि गाठ हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारची असल्यामुळे तेव्हापासून त्या रोज लेट्रोझोलची गोळी घेत आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू आहे. दीड महिना कोरडा खोकला राहिला आणि वजन तीन किलोने उतरले, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. त्यात छातीचा मधला भाग रुंद दिसला, सीटी स्कॅनमध्ये तिथल्या लसिकाग्रंथी वाढलेल्या आढळल्या आणि कर्करोगतज्ज्ञांनी पुण्याला पेट-सीटी करून घ्यायला सांगितले. हे वर्णन कोणा एका व्यक्तीचे नाही. आपल्याकडे वारंवार येणाऱ्या अशा प्रकरणांतील तपशील एकत्र करून ते रचले आहे, मात्र तपासाच्या पायऱ्या प्रत्यक्षात जशा घडतात तशाच ठेवल्या आहेत.

अहवालाच्या शेवटी लिहिले होते की छातीच्या मध्यभागातील आणि दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथी एफडीजी हे स्कॅनचे औषध तीव्रतेने घेत आहेत, त्यांचा एसयूव्ही मॅक्स, म्हणजे सर्वांत चमकदार ठिपक्यात ते किती साठले याचा आकडा, ११.२ आहे, आधीचा स्तनकर्करोग पाहता हा प्रसार असण्याची शक्यता आहे आणि ऊतकाचा नमुना घेऊन पडताळा करावा. घरच्यांनी यातले 'प्रसार' आणि '११.२' एवढेच वाचले. सोबतच्या सीडीतील चित्रात छातीच्या मधोमध ठळक पिवळ्या-नारिंगी गाठी दिसत होत्या, आणि ज्याने यापूर्वी असे चित्र पाहिलेले नाही त्याला त्यांचा दुसरा अर्थ सुचणे कठीण होते. मुलाने विचारलेला प्रश्न मात्र अगदी नेमका होता : "आईचा आकडा अकराच्या वर आहे, आणि अडीचच्या वर गेला की कॅन्सर असतो म्हणतात. मग आता सुई टोचून आणखी काय कळणार आहे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी ती चमक कुठून येते हे पाहावे लागते.

चमक म्हणजे काय

पेट स्कॅनच्या आधी शिरेतून जे औषध देतात त्याचे नाव फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज, म्हणजेच एफडीजी. ही ग्लुकोजसारखीच एक साखर आहे. तिच्या रेणूतील दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट काढून तिथे किरणोत्सर्गी फ्लुओरिन-१८ बसवलेला असतो. पेशीच्या आवरणावर ग्लुकोज आत घेणारी जी वाहक प्रथिने असतात, ती या साखरेलाही आत घेतात. आत गेल्यावर हेक्सोकायनेज नावाचे एन्झाइम तिला फॉस्फेट जोडते, ग्लुकोजला जोडते तसेच. पण दुसऱ्या कार्बनवरील बदलामुळे पुढची रासायनिक पायरी होऊ शकत नाही आणि फॉस्फेट जोडलेली ही साखर बहुतेक पेशींतून सहज बाहेरही पडत नाही. ती तिथेच अडकते. फ्लुओरिन-१८ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्याच इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो आणि त्यातून निघालेले दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. कॅमेऱ्याचे कडे हे दोन्ही किरण एकाच क्षणी टिपते आणि त्यावरून साखर कुठे साठली आहे याचा नकाशा तयार होतो.

म्हणजे चित्रातील चमक एवढेच सांगते की गेल्या तासाभरात या जागेतील पेशींनी पुष्कळ साखर आत ओढून धरून ठेवली. विजेच्या मीटरवरून घरात किती वीज वापरली जाते हे समजते, ती कोणत्या यंत्रावर खर्च होते हे समजत नाही. एफडीजीच्या चमकेचेही तसेच आहे. या औषधाचा इतिहासही हेच दाखवतो. ते मूळचे कर्करोगासाठी बनवलेलेच नव्हते. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत तयार झालेले एफडीजी १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्यांदा माणसाला देण्यात आले, तेव्हा मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे पाहणे हा उद्देश होता. कर्करोगाच्या पुष्कळशा पेशी साखर भरमसाट वापरतात, म्हणून पुढे हेच औषध कर्करोग शोधण्याच्या कामी आले. त्याची निवड साखरेच्या वापरावर झाली होती, कर्करोगाच्या एखाद्या खास खुणेवर नव्हे.

आता आकड्याकडे वळू. एसयूव्ही काढण्याची रीत साधी आहे. या रुग्णाचे वजन ६४ किलो होते आणि त्यांना २४० मेगाबेक्वेरेल, म्हणजे साधारण साडेसहा मिलिक्युरी एफडीजी दिले होते. हे औषध शरीरात सगळीकडे अगदी सारखे पसरले असते तर प्रत्येक ग्रॅममागे ३.७५ किलोबेक्वेरेल आले असते, कारण २,४०,००० ला ६४,००० ने भागले की एवढेच येते. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते त्या दुभाजकाखालील गाठीत कॅमेऱ्याने सर्वांत तीव्र ठिकाणी मिलिलिटरमागे ४२ किलोबेक्वेरेल मोजले. बेचाळीसला पावणेचारने भागले की ११.२ येतात. फ्लुओरिन-१८ चे अर्धे आयुष्य ११० मिनिटांचे असल्याने औषध दिल्यापासून स्कॅनपर्यंत जेवढा किरणोत्सर्ग घटतो, त्याची दुरुस्ती संगणक आधीच करून ठेवतो. थोडक्यात, सरासरीच्या अकरा पट साखर या गाठीच्या सर्वांत चमकदार ठिपक्यात साठली होती. एसयूव्ही हे रक्तातील हिमोग्लोबिनसारखे एखाद्या पदार्थाचे माप नाही, ते एक गुणोत्तर आहे, आणि गुणोत्तरातील कोणतीही बाजू हलली की उत्तर हलते.

त्या बाजू हलतातही. रक्तातील साखर खूप चढलेली असेल तर खरी साखर आणि एफडीजी यांच्यात स्पर्धा होऊन गाठीचा आकडा उतरतो, म्हणूनच स्कॅनआधी काही तास उपाशी ठेवतात आणि बोटातून साखर तपासतात. इंजेक्शननंतर साठाव्या मिनिटाऐवजी नव्वदाव्या मिनिटाला चित्र काढले तर पुष्कळ गाठींचा आकडा वाढलेला दिसतो. शिरेत देताना थोडे औषध कातडीखाली सांडले तर सगळेच आकडे खोटे पडतात, आणि हे ओळखण्याची खूण म्हणजे हातावर इंजेक्शनच्या जागी दिसणारा मोठा डाग. त्यामुळे एका केंद्रातील ११.२ आणि दुसऱ्या केंद्रातील ८.९ यांची वजाबाकी करून रोग घटला असे म्हणता येत नाही. या रुग्णाची साखर १४२ होती, इंजेक्शन आणि चित्र यांत ६२ मिनिटांचे अंतर होते आणि हातावर डाग नव्हता. आकडा विश्वासार्ह होता. त्याचा अर्थ काय, हे अजून ठरायचे होते.

अडीचचा आकडा आला कुठून

मुलाने ऐकलेला अडीच हा आकडा कोणी उगाच काढलेला नाही. १९९० च्या दशकात, प्रामुख्याने अमेरिकेत, फुफ्फुसात एकटी गाठ सापडलेल्या रुग्णांचे पेट स्कॅन अभ्यासले गेले. त्यांत एसयूव्ही अडीचच्या वर असलेल्या गाठी बहुधा कर्करोगाच्या निघाल्या आणि खालच्या बहुधा साध्या. तो निष्कर्ष त्या रुग्णांपुरता उपयोगी होता. पण तो फुफ्फुसातील एकट्या गाठीबद्दल होता, छातीतल्या लसिकाग्रंथींबद्दल नव्हता, आणि तो अशा देशातला होता जिथे क्षयरोग विरळा आहे. पुढे तोच आकडा शरीरातील कोणत्याही जागेला आणि जगातील कोणत्याही रुग्णाला लावला जाऊ लागला, आणि माझ्या मते पेट स्कॅनबद्दलच्या गैरसमजांत याइतका नुकसानकारक दुसरा कोणताही नाही.

देश बदलला की या परीक्षेची खात्री किती बदलते हे २०१४ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात स्पष्ट दिसले. फुफ्फुसातील संशयास्पद गाठींवरच्या अनेक अभ्यासांचे आकडे त्यात एकत्र केले होते. जिथे क्षय किंवा बुरशीजन्य फुफ्फुसरोग फारसे नाहीत अशा प्रदेशांत, कर्करोग नसलेल्या शंभर जणांपैकी साधारण ७७ जणांना पेट स्कॅन 'कर्करोग नाही' असे बरोबर सांगत होता. जिथे हे रोग घर करून आहेत तिथे हीच संख्या ६१ वर येत होती. उरलेल्या ३९ जणांच्या गाठी कर्करोग नसतानाही चमकल्या होत्या.

त्या का चमकतात, याचे कारण पेशींत आहे. क्षयाचे जंतू शिरले की शरीर त्यांच्याभोवती मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या संरक्षक पेशींचा वेढा घालते. या वेढ्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. चेतवलेल्या मॅक्रोफेजला जंतू गिळून मारण्यासाठी झटपट ऊर्जा लागते आणि त्यासाठी ती आपल्या आवरणावर ग्लुकोज-वाहक प्रथिने वाढवते, हेक्सोकायनेजही वाढवते. कर्करोगाची पेशी जी यंत्रणा वापरते तीच ही यंत्रणा आहे. त्यामुळे क्षयाची जोमदार गाठ दहा-बारा एसयूव्हीपर्यंत सहज जाते, आणि सार्कॉइडोसिससारख्या जंतूविना होणाऱ्या ग्रॅन्युलोमाच्या आजारातही असेच घडते. काही काळ असे वाटत होते की दोन तासांनी दुसऱ्यांदा चित्र काढले तर कर्करोगाची चमक वाढत जाईल, दाहाची उतरेल आणि दोघांत फरक करता येईल. प्रत्यक्षात क्षयाची चमकही वाढत जाताना आढळते, त्यामुळे आपल्याकडे या युक्तीवर निर्णय सोपवता येत नाही.

स्कॅन वाचताना

अनुभवी वाचक चमकणाऱ्या गाठींकडे लगेच धावत नाही. आधी जिथे चमक असायलाच हवी त्या जागा बघतो. मेंदू साखरेवरच चालतो, म्हणून तो नेहमी लखलखीत असतो. एफडीजी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडे आणि मूत्राशय तेजाळलेले असतात. हृदयाची चमक एका दिवशी भरपूर तर दुसऱ्या दिवशी जवळजवळ शून्य असू शकते. या रुग्णाच्या चित्रात मेंदू आणि मूत्राशय सोडले तर सर्वांत चमकदार भाग छातीतल्या गाठी नव्हत्याच. तो होता मोठ्या आतड्याचा लांबलचक पट्टा, आणि त्याचा एसयूव्ही मॅक्स १२.४ भरला. घरच्यांचे तिकडे लक्ष गेले नव्हते, कारण अहवालात त्याबद्दल एकच ओळ होती : मेटफॉर्मिनशी सुसंगत.

मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या आतड्याची भिंत एफडीजी मोठ्या प्रमाणात घेते. ही चमक आतड्याच्या मार्गाने सलग पसरलेली असते आणि सीटीमध्ये त्या जागी भिंत जाड झालेली किंवा गाठ आलेली दिसत नाही. या पट्ट्यात एकच वेगळा, गोल, ठसठशीत ठिपका असता तर त्याला मेटफॉर्मिनचे नाव देऊन सोडून देता आले नसते. तिथे कोलोनोस्कोपी सुचवावी लागते. आणि पट्टा फार तेजस्वी असेल तर असा ठिपका त्यात झाकलाही जातो, म्हणून अनेक केंद्रे मधुमेहाच्या डॉक्टरांच्या संमतीने स्कॅनपूर्वी दोन दिवस मेटफॉर्मिन थांबवायला सांगतात. या रुग्णाला ते सांगितले गेले नव्हते. असो, १२.४ चे आतडे निरोगी होते आणि ११.२ च्या गाठींबद्दल निर्णय व्हायचा होता. एकाच शरीरात, एकाच दिवशी, एकाच कॅमेऱ्याने मोजलेले हे दोन आकडे शेजारी ठेवले तर मुलाच्या प्रश्नातला अडीचचा नियम आपोआप गळून पडतो.

मग गाठी. इथे चमकेपेक्षा जागा, आकार आणि मांडणी यांना जास्त महत्त्व आहे, आणि ती माहिती सोबतच्या सीटीतून येते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली भारतातला पहिला पेट कॅमेरा बसला, तेव्हा सीटी वेगळा काढून शेजारी ठेवून पाहावा लागे. २००४ साली टाटा मेमोरियल रुग्णालयात एकत्रित पेट-सीटी यंत्र आले आणि चमक नेमकी कोणत्या रचनेत आहे हे एकाच चित्रात कळू लागले. या रुग्णाच्या वाढलेल्या ग्रंथी श्वासनलिकेच्या उजव्या कडेला, दुभाजकाखाली आणि दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी होत्या. डाव्या स्तनातून निघालेला कर्करोग लसिकावाहिन्यांनी पसरतो तेव्हा तो बहुधा आधी डाव्या काखेत, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागच्या ग्रंथींच्या डाव्या साखळीत किंवा डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला दिसतो. त्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या. यकृत आणि हाडेही स्वच्छ होती. वाटेतली सगळी ठिकाणे सोडून रोग थेट छातीच्या मधोमध, तोही दोन्ही बाजूंना, जाऊन बसणे अशक्य नाही, पण त्यामुळे शंका घेण्यास जागा निर्माण होते.

दुभाजकाखालच्या सर्वांत मोठ्या गाठीत आणखी एक गोष्ट दिसत होती. तिची कड चमकत होती आणि मधला भाग काळा होता. सीटीतही औषधाने कड उजळली होती आणि मध्य कमी घनतेचा होता, म्हणजे आतील ऊती मृत झाल्या होत्या. क्षयाच्या गाठीत असे वारंवार आढळते. मात्र झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाचा गाभाही मरतो, म्हणून हीसुद्धा खूण होती, पुरावा नव्हता. शिवाय उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ७ मिलिमीटरचा एक छोटा ठिपका सीटीत होता, आणि पेटवर तो जेमतेम १.४ भरत होता.

या छोट्या ठिपक्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे चूक उलट दिशेने होते. पेट कॅमेऱ्याची सूक्ष्मता काही मिलिमीटरचीच असते, आणि त्यातून श्वासाबरोबर फुफ्फुस हलत राहते. साधारण ८ मिलिमीटरपेक्षा लहान गाठीची चमक त्यामुळे आजूबाजूला पसरून फिकी पडते आणि मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. काही कर्करोग तर मोठे असूनही फारसे चमकत नाहीत : फुफ्फुसाचे काही संथ वाढणारे ॲडिनोकार्सिनोमा, कार्सिनॉइड, श्लेष्मा बनवणाऱ्या गाठी, प्रोस्टेटचे पुष्कळसे कर्करोग. म्हणून १.४ वाचून तो ठिपका निरुपद्रवी ठरवणे हे ११.२ वाचून गाठींना कर्करोग ठरवण्याइतकेच चुकीचे झाले असते. अहवालात त्यासाठी सीटीने पाठपुरावा सुचवला होता आणि ते योग्यच होते.

सुई

इथे दोन मार्ग फुटतात. कर्करोग परतला असे गृहीत धरले असते तर रुग्ण चौथ्या टप्प्यातील मानली गेली असती आणि लेट्रोझोलऐवजी वेगळी, महागडी, आयुष्यभर चालणारी औषधे सुरू झाली असती, ज्यांतील काही पांढऱ्या पेशी घटवतात. प्रत्यक्षात आतमध्ये क्षय असेल तर तो उपचाराविना राहून पसरला असता. उलट क्षय गृहीत धरून सहा महिने गोळ्या दिल्या असत्या आणि आतमध्ये कर्करोग असता तर ते सहा महिने वाया गेले असते. स्तनाचा कर्करोग पहिल्यांदा परतल्याची शंका आली की शक्य तिथे ऊतकाचा नमुना घ्यावा, असे कर्करोगाच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. परतलेल्या गाठीचा हार्मोन-प्रतिसाद मूळ गाठीपेक्षा वेगळा निघू शकतो, हेही त्याचे एक कारण आहे. मुलाला दिलेले उत्तर हेच होते : आकड्याने सुई अनावश्यक ठरवली नाही, उलट ती कुठे टोचायची हे दाखवून दिले.

नमुना ईबस पद्धतीने घेतला. तोंडावाटे श्वासनलिकेत लवचीक दुर्बीण घालतात, तिच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र असते आणि त्यात गाठ पाहत-पाहत नळीच्या भिंतीतून बारीक सुई आत नेतात. रुग्णाला गुंगीचे औषध दिलेले असते आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. सुई चमकणाऱ्या कडेतून घेणे महत्त्वाचे असते. मधल्या काळ्या भागातून घेतली तर मेलेला गाळ हाती येतो आणि पॅथॉलॉजिस्टला निदान करता येत नाही. दुभाजकाखालच्या आणि श्वासनलिकेच्या उजवीकडच्या अशा दोन वेगळ्या गाठींतून, प्रत्येकीतून तीन-चार वेळा सुई फिरवून नमुने घेतले.

यातली एक बारकाई अनेक ठिकाणी निसटते. सगळा नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला की त्यातले जंतू मरतात आणि मग कल्चर होऊच शकत नाही. कर्करोगाची शंका मनात धरून नमुना घेतला की हे हटकून घडते. इथे आधीच ठरले होते, त्यामुळे काही भाग काचपट्टीवर, काही फॉर्मेलिनमध्ये आणि काही निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट या क्षयजंतूंच्या जनुकीय चाचणीसाठी व कल्चरसाठी गेला. नातेवाइकांनी नमुना घेण्याआधी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारायची असेल तर ती हीच असावी, असे मला वाटते : थोडा नमुना सलाइनमध्ये क्षयाच्या तपासणीला जाणार आहे का?

दोन्ही गाठींत मृत ऊतींसह ग्रॅन्युलोमा आढळले आणि कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. नुसत्या ग्रॅन्युलोमावर समाधान मानता आले नसते, कारण कर्करोगाच्या शेजारच्या लसिकाग्रंथींतही कधीकधी तशीच प्रतिक्रिया उमटते, आणि सार्कॉइडोसिसमध्ये तर ग्रॅन्युलोमाच असतात. म्हणून उरलेल्या ऊतीवर स्तनाच्या पेशी ओळखणारी रंगद्रव्ये वापरून पाहिली. तीही नकारात्मक आली. सीबीनॅटमध्ये क्षयाच्या जंतूंची जनुकीय खूण सापडली आणि रिफॅम्पिसिनला प्रतिरोध दिसला नाही. चौथ्या आठवड्यात कल्चरमध्येही जंतू वाढले. सीबीनॅट नकारात्मक आले असते तरी क्षय नाही असे म्हणता आले नसते, कारण गाठीतील नमुन्यात जंतू कमी असतात आणि ही चाचणी त्यांतले काही चुकवते. तेव्हा कल्चरची वाट पाहावी लागली असती.

पुढचे सहा महिने

क्षयरुग्णांच्या नोंदीसाठीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद होऊन वजनानुसार रोजच्या गोळ्या सुरू झाल्या : पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे, त्यानंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. रिफॅम्पिसिनमुळे यकृतातील एन्झाइमांचे काम वाढते आणि बऱ्याच औषधांची रक्तातील पातळी उतरते, म्हणून लेट्रोझोल आणि मधुमेहाची औषधे यांबद्दल दोन्ही तज्ज्ञांनी एकत्र बसून निर्णय घेतला. लेट्रोझोल चालू ठेवले आणि साखर अधिक वेळा तपासली.

दीड महिन्यात खोकला थांबला आणि वजन परत वाढू लागले. मात्र दुसऱ्या महिन्याच्या शेवटी काढलेल्या सीटीत दुभाजकाखालची गाठ १८ मिलिमीटरवरून २१ मिलिमीटर झालेली दिसली. घरच्यांची भीती पुन्हा जागी झाली. क्षयाच्या ग्रंथींत औषधे बरोबर काम करत असतानाही असे होते. मरणाऱ्या जंतूंच्या अवशेषांविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया वाढते आणि गाठ तात्पुरती सुजते. या वेळी तीन गोष्टींनी धीर दिला : रुग्णाची तब्येत सुधारत होती, कल्चरमधील जंतू औषधांना संवेदनशील होते आणि बाकीच्या सर्व गाठी लहान झाल्या होत्या. एखादी वेगळ्याच जागची गाठ वाढली असती किंवा काखेत नवी आली असती, तर ही समजूत पुरेशी ठरली नसती आणि पुन्हा सुई घ्यावी लागली असती. क्षय सिद्ध झाल्याने कर्करोग असणे अशक्य होत नाही. एकाच छातीत दोन्ही आजार राहू शकतात.

सहा महिन्यांनी त्याच केंद्रात, साखर १३८ असताना आणि इंजेक्शननंतर साठ मिनिटांनी दुसरा पेट-सीटी केला. एरवी क्षयाच्या पाठपुराव्यासाठी पेटची गरज नसते, साधा सीटी पुरतो. पण इथे कर्करोगाचा प्रश्न मिटवायचा होता. या वेळी मेटफॉर्मिन डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन दिवस बंद ठेवले होते आणि आतड्याचा पट्टा मावळला होता. त्यात लपलेला वेगळा ठिपका निघाला नाही. छातीतल्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या, दोन गाठींत कॅल्शियम साठू लागले होते आणि सर्वांत मोठ्या गाठीचा आकडा ११.२ वरून २.८ वर आला होता. तुलनेसाठी पाहिलेले निरोगी यकृत त्या दिवशी २.४ होते.

२.८ अजूनही अडीचच्या वर होता. बऱ्या होणाऱ्या क्षयाच्या गाठी महिनोन्‌महिने थोड्या चमकत राहतात, कारण जंतू संपले तरी भरून येण्याची प्रक्रिया चालू असते. आकार घटलेला, कॅल्शियम साठत असलेले, रुग्णाला लक्षणे नाहीत आणि एसयूव्ही यकृताच्या जवळपास, अशा स्थितीत औषधे लांबवण्याचे किंवा पुन्हा सुई घेण्याचे कारण राहिले नाही, आणि क्षयाचे उपचार सहा महिन्यांनी थांबवले. उजव्या फुफ्फुसातील ७ मिलिमीटरच्या ठिपक्याच्या जागी आता एक बारीक रेघ उरली होती. तोही क्षयाचाच होता असे त्यावरून मानले. पुढचा सीटी सहा महिन्यांनी ठरला आणि त्यासोबत एक सूचना लिहून ठेवली : मोठी गाठ १० मिलिमीटरच्या वर परत वाढली किंवा डाव्या काखेत, उरोस्थीमागे अथवा हाडांत नवी चमक दिसली, तर क्षयाचा जुना अहवाल पुढे करून थांबू नये, त्या नव्या जागेतून पुन्हा नमुना घ्यावा.